पनीर रबरासारखं का होतं आणि भुगा का पडतो

घरच्या पनीरबद्दल तक्रारी दोनच, आणि त्याही एकमेकींच्या अगदी उलट. एका घरात पनीर इतकं चिवट होतं की भाजीतला तुकडा चावून चावून जबडा दुखतो. दुसऱ्या घरात सुरी लावली की वडीऐवजी ताटलीत भुगा पडतो. दोन्ही घरांत कृती मात्र एकच असते: दूध उकळायचं, लिंबू पिळायचं, फडक्यात बांधायचं. मग दोष लिंबावर जातो. कुणी सांगतं व्हिनेगर वापर, कुणी सांगतं दही घाल. माझ्या मते आंबट काय घातलं हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी दुधात स्निग्धांश किती होता ते बघावं, मग आंबट पडलं तेव्हा दूध किती गरम होतं ते.

दूध फाटताना नेमकं काय होतं, ते थोडक्यात बघू. दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात तरंगत असतात आणि एकमेकांपासून अंतर राखून असतात. प्रत्येक कण आतून कॅल्शियमने बांधलेला असतो. दुधात आंबट पडलं की कणांमधलं हे अंतर मिटतं, थोडं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं आणि कण एकमेकांना चिकटत जातात. त्यांची एक जाळी तयार होते. त्या जाळीत लोण्याचे थेंब आणि पाणी अडकतं. उरलेलं पिवळट-हिरवट पाणी, म्हणजे निवळी, बाहेर येतं. ही जाळी जास्त आवळली गेली की आतलं पाणी पिळून निघतं आणि पनीर रबर होतं. नीट जुळलीच नाही की भुगा होतो. पुढे जे काही सांगणार आहे, ते या जाळीबद्दलच आहे.

दुधात केसीनखेरीज आणखी काही प्रथिनं असतात, जी नुसत्या आंबटाने खाली बसत नाहीत आणि निवळीबरोबर वाहून जातात. दूध ९० अंशांच्या आसपास तापवलं की ती उलगडतात आणि केसीनला चिकटतात, म्हणून तीही पनीरमध्ये येतात. पनीर जास्त निघतं आणि मऊही होतं, कारण ही प्रथिनं पाणी धरून ठेवतात. दूध आधी चांगलं तापवायचं ते यासाठी, फक्त जंतू मारण्यासाठी नाही. पण लक्षात घ्या, ९० अंशांपर्यंत तापवायचं हा झाला पहिला भाग. आंबट घालतानाही दूध ९०वरच असावं, असं कुठेही ठरलेलं नाही. बहुतेक पनीर बिघडतं ते इथेच.

आधी स्निग्धांश. सोलापुरात अजून कितीतरी घरांत रतिबाचं म्हशीचं दूध येतं. आपल्या जिल्ह्याचीच पंढरपुरी म्हैस, खांद्यामागेपर्यंत जाणाऱ्या लांब शिंगांची, तिच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्क्यांच्या आसपास असतो. पनीरसाठी सहा-सात टक्के उत्तमच. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा केसीनही जास्त आणि कॅल्शियमही जास्त, म्हणून जाळी घट्ट बनते आणि वड्या देखण्या पडतात. डेअऱ्या पनीरला म्हशीचं दूध पसंत करतात ते याच कारणाने.

मग एवढं चांगलं दूध असून पनीर रबर का होतं? इथे मी पहिला संशय सायीवर घेते. आपल्याकडे दूध आलं की तापवायचं, गार झालं की वरची जाड साय काढून तुपासाठी डब्यात टाकायची, ही पद्धत. दोन दिवसांनी उरलेल्या दुधाचं पनीर करायचं ठरतं. समजा, एकाच वाड्यात नणंद आणि भावजय राहतात, गवळी एकच. नणंदेचं पनीर मऊ, भावजयीचं चिवट. "वन्सं, दूध तर एकाच चरवीतलं, मग माझंच असं का?" कारण वन्संनी सकाळचं ताजं दूध ढवळत तापवून तसंच वापरलं आणि वहिनींच्या दुधाची साय दोनदा निघाली होती. दुधातला बराचसा स्निग्धांश सायीतच असतो. ती गेली की सात टक्क्यांचं दूध तीन टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली येऊ शकतं. केसीन मात्र तेवढंच राहतं. लोण्याचे थेंब जाळीच्या धाग्यांमध्ये बसून त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात. ते कमी झाले की धागे थेट एकमेकांना भिडतात, आणि दाताला जाणवतो तो हाच चिवटपणा. अशा वेळी लिंबू बदलून काहीही होणार नाही. साय परत दुधात घोटून घाला, नाहीतर त्या दुधाचं दही लावा.

पिशवीचं दूध घेणार असाल तर पिशवीवर छापलेला आकडा वाचा. फुल क्रीम म्हणजे किमान सहा टक्के स्निग्धांश, ते चालतं. टोन्ड म्हणजे तीन टक्के, डबल टोन्ड म्हणजे दीड टक्का. डबल टोन्डचं मऊ पनीर होण्याची वाट बघू नये. उलट बाजूही आहे: दाट व्हावं म्हणून म्हशीच्या दुधात वरून आणखी क्रीम ओतलं तर जाळीला तेवढे थेंब धरवत नाहीत. निवळीवर तेलाचा तवंग दिसतो आणि पनीर लुसलुशीत होण्याऐवजी लिबलिबीत होतं.

आता तापमान. केसीनचे कण गरम असताना एकमेकांना जास्त घट्ट धरतात. त्यामुळे खळखळ उकळत्या दुधात आंबट पडलं की क्षणात घट्ट गोळे होतात, आकसतात आणि पाणी बाहेर फेकतात. वर गॅस चालूच ठेवून "नीट फाटू दे अजून" म्हणत दोन-चार मिनिटं उकळलं, तर तोच चोथा आणखी आवळतो. रबराचं दुसरं मोठं कारण हे. याउलट दूध ६० अंशांच्या खाली आल्यावर आंबट घातलं तर कण चिकटतात, पण ढिले. चोथा पांढरा, पाणचट आणि नाजूक होतो, वजन ठेवूनही एकजीव होत नाही. म्हशीच्या दुधाला ७० ते ७५ अंश हा मधला टप्पा बरोबर लागू पडतो. डेअरीतही दूध तापवून झाल्यावर साधारण ७० अंशांवर आणूनच आंबट घालतात.

घरात हे कसं साधायचं? स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आंबट पाण्यात कालवून घाला, तेच दुधाला गारही करतं. हिशोब सोपा आहे. एक लिटर दूध ८२ अंशांवर असेल आणि त्यात पंख्याखालचं ३० अंशांचं पाव लिटर आंबट पाणी हळूहळू घातलं, तर शेवटी सगळं मिश्रण ७२ अंशांच्या जवळ येतं. म्हणजे उकळी वर आली की गॅस बंद करायचा, झाकण न ठेवता अधूनमधून ढवळत सात-आठ मिनिटं थांबायचं आणि मग आंबट पाणी घालायला लागायचं. पातेलं जाड असेल तर दोन मिनिटं जास्त धरा.

आंबटाकडे येते. लिंबू, लिंबूसत्त्व, व्हिनेगर, आंबट दही, या चारांपैकी कशानेही चांगलं पनीर होतं. फरक पडतो तो आंबट किती तीव्र आहे आणि एकदम पडलं की हळूहळू, याने. पातेल्यात लिंबू थेट पिळलं की रस जिथे पडतो तिथलं दूध प्रमाणाबाहेर आंबट होतं आणि तिथे कडक बारीक रवा तयार होतो. बाकीचं दूध अजून पांढरंच असतं. मग आपण आणखी एक लिंबू पिळतो. असा दोन तऱ्हेचा चोथा नंतर एकमेकांत मिसळत नाही. म्हणून आंबट पातळ करूनच घालायचं.

एक लिटर म्हशीच्या दुधाला दोन ते अडीच ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं, म्हणजे लहान चमचा अर्धा भरून, जरा वर. ते पाव लिटर पाण्यात विरघळवायचं. लिंबू वापरायचं तर मध्यम आकाराच्या दोन रसदार लिंबांचा रस गाळून त्याच मापाचं पाणी करायचं. लिंबू दरवेळी सारखं आंबट नसतं आणि उन्हाळ्यात महागही होतं, म्हणून मला स्वतःला लिंबूसत्त्व बरं वाटतं. त्याला वासही नाही. चार टक्क्यांचं साधं व्हिनेगर घेतलं तर साधारण तीन मोठे चमचे. त्याचा वास चोथा धुतल्यावर बहुतेक जातो. दही सौम्य असतं, म्हणून पाव किलो तरी लागतं आणि तेही खरोखर आंबट. पण त्यातली प्रथिनं पनीरमध्येच येतात, चव गोडसर राहते आणि दही हळूहळू काम करत असल्यामुळे नवशिक्याच्या हातून बिघडायची शक्यता कमी. दही घुसळून, गुठळ्या मोडून घालावं.

आंबट किती घालायचं याचं उत्तर मात्र चमच्यात नाही, निवळीत आहे. पाणी स्वच्छ, पिवळट-हिरवट दिसलं की हात थांबवायचा, भांड्यात आंबट पाणी उरलं तरी. उरलं म्हणून ओतलं, तर कणांना आतून बांधणारं कॅल्शियम जास्तच सुटतं, जाळी कमकुवत होते आणि पनीर आंबट तर लागतंच, पण कापताना चुराही होतो. बऱ्याच जणी भुग्यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी आणखी लिंबू पिळतात, ते अगदी उलटं आहे.

आता एक लिटर ताजं, साय न काढलेलं म्हशीचं दूध घेऊ आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. जाड बुडाच्या पातेल्यात दूध मध्यम आचेवर ठेवा आणि तापेपर्यंत ढवळत राहा, म्हणजे साय धरणार नाही आणि खाली लागणारही नाही. उकळी वर यायला लागली की गॅस बंद. वर सांगितल्याप्रमाणे थांबा. मग आंबट पाण्याची बारीक धार धरा आणि दुसऱ्या हाताने पळी संथ फिरवा. निम्मं पाणी जाईपर्यंत फारसं काही दिसणार नाही. त्यानंतर दूध दाटसर होतं, मग एकाएकी गुठळ्या वेगळ्या होतात. इथून पळी फक्त दोन-तीनदा, तळापासून अलगद. जोरात घोटलं तर गुठळ्या मोडून रवा होतो आणि तो रवा पुन्हा जुळत नाही. निवळी स्वच्छ झाली की झाकण ठेवून पाच-सात मिनिटं हात लावू नका. या वेळात गुठळ्या एकमेकींना धरतात.

चाळणीत ओलं मलमलचं फडकं घालून गरम असतानाच गाळा. काही जण "हात भाजतो" म्हणून अर्धा तास थांबतात. तोवर चोथा गार होतो आणि गार चोथा वजनाखाली चिकटत नाही. दोष दुधाचा नसतो, उशिराचा असतो. लिंबू वापरलं असेल तर वरून एक वाटी गरम पाणी ओता, पण गार पाणी या टप्प्यावर नको. फडक्याची चौकोनी घडी घाला, साधारण तळहाताएवढी आणि दोन बोटं जाड, आणि ती पाटावर ठेवून वर तीन-चार लिटर पाणी भरलेलं पातेलं ठेवा. पंधरा ते वीस मिनिटं पुरे. रात्रभर वरवंटा ठेवून सकाळी काढलेलं पनीर कोरडंठाक होणारच. नंतर लादी फडक्यातून काढून तासा-दोन तासांसाठी थंडगार पाण्यात बुडवा. लोणी घट्ट होतं, जाळी स्थिरावते आणि मगच सुरी स्वच्छ फिरते.

मे महिन्यातल्या सोलापुरात हे शेवटचं वाक्य जरा गंभीरपणे घ्यावं लागतं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी तेव्हा गार नसतंच, दुपारी ते हाताला चटका देतं. त्यात पनीर बुडवलं तर ते मऊच राहतं आणि कापताना कडा ढासळतात. फ्रीजमधलं पाणी घ्या, बर्फाचे चार खडे टाका.

पनीर तयार झालं की ते काट्यावर ठेवा. एक लिटर सात टक्क्यांच्या म्हशीच्या दुधातला स्निग्धांश, प्रथिनं आणि थोडं इतर असं मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ पनीरमध्ये येतात. चांगल्या मऊ पनीरमध्ये निम्म्याहून थोडं जास्त पाणी असतं, म्हणून लादी दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम भरायला हवी. ती पावणेदोनशेवर आली तर घन पदार्थ तेवढेच आहेत, पाणी गेलंय. हे पनीर चिवट निघणार, हे भाजीत घालायच्या आधीच कळतं. म्हणजे दूध जास्त गरम असताना फाटलं किंवा वजन जास्त वेळ राहिलं. दूध पातळ असलं तरी वजन कमी भरतं, पण मग पनीर चिवट असेलच असं नाही.

निवळीही बरंच सांगते. ती दुधाळ पांढरी राहिली तर आंबट कमी पडलंय किंवा दूध फार गार झालंय, म्हणजे पनीर पातेल्यातच आहे. मिश्रण हलकं गरम करा आणि थोडं आंबट पाणी घाला. निवळी स्वच्छ आहे पण तिच्यात बारीक पांढरा रवा तरंगतोय, तर पळी जोरात फिरली किंवा आंबट एकदम पडलं. तवंग दिसतोय तर लोणी सुटलंय.

पिशवीतल्या गाईच्या दुधाची गोष्ट वेगळी. त्यात स्निग्धांश साडेतीन टक्क्यांच्या आसपास, केसीन आणि कॅल्शियम कमी, म्हणून जाळी मुळातच नाजूक. इथे म्हशीच्या दुधाचं ७० अंशांचं माप लावलं तर भुगा ठरलेला. गाईचं दूध ८० अंशांच्या वर असतानाच फाडावं, म्हणजे गॅस बंद केल्यावर फार थांबू नये आणि आंबट पाणी गरम करून घालावं. निवळी पुरती स्वच्छ होईपर्यंत आंबट थोडं जास्त जाऊ द्यावं लागतं. तरी लादी दीडशे ग्रॅमच्या आसपासच निघेल आणि म्हशीच्या पनीरइतकी घट्ट होणार नाही. त्यातून पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असेल तर अडचण वाढते. त्या दुधात लोण्याचे थेंब यंत्राने इतके बारीक केलेले असतात की त्यांच्याभोवती केसीनच चिकटून बसतं, आणि जाळी सलग राहण्याऐवजी तुकड्यांतुकड्यांची होते. अशा दुधावर साय धरत नाही, ही खूण. माझा सल्ला साधा आहे: अर्ध पिशवीचं, अर्ध रतिबाचं म्हशीचं दूध मिसळा. खोक्यातलं, महिनोन्महिने टिकणारं दूध मात्र पनीरला घेऊच नका. अतिउष्णतेने त्यातली प्रथिनं आधीच बदललेली असतात आणि गुठळी मऊ, चिकट राहते.

उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. सकाळी सातला आलेलं दूध अकरापर्यंत ओट्यावर राहिलं की ते थोडं आंबलेलं असतं, चवीला कळत नाही एवढंच. गॅसवर ठेवलं की ते आपणहून, उकळताना, मनाला येईल तसं नासतं. "नासलंच आहे तर पनीर करू" म्हणून ते गाळलं की कडक रवाळ चोथा हाती येतो, कारण ते सर्वांत जास्त तापमानाला फाटलेलं असतं. त्याला साखर घालून आटवा, गोड म्हणून खा. वड्यांची आशा धरू नका. याच्या उलट, नेहमीपेक्षा दुप्पट लिंबूसत्त्व ओतूनही दूध फाटेना, तर ते टिकावं म्हणून त्यात सोडा पडल्याची शंका घ्यायला जागा आहे. सोडा आंबट मारतो. गवळीमामांना शांतपणे विचारावं.

बिघडलेल्या पनीरचं काय? गार गाळल्यामुळे जुळलं नसेल तर फडक्याची पुरचुंडी ७०-७५ अंशांच्या निवळीत पाच मिनिटं बुडवून पुन्हा वजनाखाली ठेवली तर बऱ्याचदा जुळतं. जास्त आंबटाने झालेला भुगा जुळत नाही, त्याची भुर्जी किंवा पराठ्याचं सारण करावं. रबर झालेलं पनीर परत मऊ होत नाही. ते किसून वापरता येतं.

शेवटी कढई. चांगलं पनीरही लाल होईपर्यंत तळून मग रश्श्यात पंधरा मिनिटं उकळलं की चिवट होतं, कारण जाळी पुन्हा आवळते आणि पाणी जातं. तळायचंच असेल तर कड सोनेरी झाली की काढा, लगेच कोमट मिठाच्या पाण्यात टाका आणि रस्सा पूर्ण शिजल्यावर शेवटच्या तीन-चार मिनिटांत घाला. उरलेली लादी पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा. निवळी फेकू नका, कणीक भिजवायला घ्या. ती आंबट असेल तर पोळीपेक्षा धिरड्यात बरी लागते.